‘मेल नको, फोनच करा’ म्हणणाऱ्या मॅडमना काय विचारायचं?

ताई,
मी चिंचवडला राहते, एका फोर्जिंग कंपनीत क्वालिटीला आहे, सहा वर्षं झाली. एका कन्सल्टन्सीमार्फत चाकणच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी दोन राउंड दिले. दुसरा राउंड ३ तारखेला, बुधवारी झाला, आज १५ तारीख. कन्सल्टन्सीच्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “मेल करू नका, मी बघत नाही. फोनच करा.” गेल्या आठवड्यात केला, तर “मॅडम, माझं काय झालं?” एवढंच तोंडातून आलं. त्या म्हणाल्या, “कोण बोलतंय? मी मीटिंगमध्ये आहे, कळवते.” अजून कळवलेलं नाही. मेल मी व्यवस्थित लिहू शकते, फोनवर शब्दच सुचत नाहीत. नक्की काय बोलायचं, आणि उचलला नाही तर काय निरोप ठेवायचा, ते लिहून द्याल का? माझी पहिली पाळी असते, साडेतीनला सुटते.
— एक वाचक, चिंचवड

*

त्या टेबलाच्या पलीकडे मी तेरा वर्षं बसले आहे. पिंपरीतल्या एका कन्सल्टन्सीत राहून ऑटो कंपन्यांसाठी माणसं शोधायचं काम केलं. म्हणून तुमचा फोन वाजतो तेव्हा मॅडमच्या समोर काय असतं ते आधी सांगते. बोलायचं काय, हे त्यावरूनच ठरतं.

त्यांच्यासमोर एक एक्सेल शीट उघडी असते. आम्ही तिला ट्रॅकर म्हणायचो. कंपनी, जागा, उमेदवाराचं नाव, आत्ताचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड, कोणता राउंड कधी झाला, आणि शेवटच्या रकान्यात फीडबॅक. माझ्याकडे एका वेळी आठ-दहा जागा असायच्या आणि प्रत्येक जागेसाठी दहा-बारा माणसं, म्हणजे शंभरच्या आसपास ओळी. फोन आला की त्यातली तुमची ओळ सापडायला हवी. नुसत्या नावावरून ती पटकन सापडत नाही, कारण शीट कंपनी आणि जागेप्रमाणे लावलेली असते, आणि आपल्याकडे पाटील, जाधव, शिंदे किती असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या फोनमध्ये एकाच नावाआडनावाचे तीन-तीन उमेदवार असायचे. “कोण बोलतंय?” हे तुम्हाला तुटक वाटलं असेल, पण मॅडम तेव्हा तुमची ओळ शोधत होत्या. ती सापडली नाही आणि मीटिंगही चालू होती, म्हणून “कळवते”. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर कोणाला कळवायचं हेही त्यांच्या लक्षात राहिलेलं नसणार.

मेल का नको, तेही सांगते. त्यांचा इनबॉक्स नोकरीच्या पोर्टलवरून येणाऱ्या रेझ्युमेंनी भरलेला असतो, तुमचं पत्र त्यात खाली जातं. पण त्याहून मोठं कारण पैशाचं आहे. कन्सल्टन्सीला कंपनीकडून पैसे मिळतात ते माणूस रुजू झाल्यावर. आमच्याकडे बहुतेक करार वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्क्यांचे असत, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. आणि रुजू झालेला माणूस ठरलेल्या मुदतीत, साधारण तीन महिन्यांत, सोडून गेला तर बदली माणूस द्यावा लागे किंवा पैसे परत. त्यामुळे रिक्रूटरला प्रत्येक उमेदवाराबद्दल एक गोष्ट सतत जाणून घ्यायची असते: याला निवडलं तर हा खरंच येईल का? मेलवरून ते कळत नाही, आवाजावरून बरंचसं कळतं. तुम्ही फोन करता तेव्हा तुम्ही त्यांच्याकडून माहिती घेता तशीच त्यांना हवी असलेली माहिती देताही. आपण त्रास देतोय असं मनात धरून फोन केला की आवाज पडतो, आणि पडलेला आवाज ऐकून रिक्रूटर समजते की या बाईंचा रस गेला.

आता बोलायचं काय. पाऊण मिनिट पुरतं. हे आधी वाचा, मग प्रत्येक वाक्य तसंच का ठेवलं ते सांगते.

“नमस्कार मॅडम. चाकणच्या सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी बोलतेय, मी अमुक-अमुक. ३ तारखेला, बुधवारी, प्लँटमध्ये माझा दुसरा राउंड झाला. एक मिनिट बोलता येईल?”

(त्या “बोला” म्हणेपर्यंत थांबायचं.)

“त्या राउंडचा फीडबॅक प्लँटकडून आलाय का, की अजून बाकीच्यांचे इंटरव्ह्यू चालू आहेत?”

(त्या काय म्हणतील ते लिहून घ्यायचं.)

“बरं. माझ्याकडून काही बदललेलं नाही, नोटीस साठ दिवसांचीच आहे आणि या जागेसाठी मी तयार आहे. मग शुक्रवारी दुपारी चारनंतर फोन करू, की तुम्ही दुसरा दिवस सांगता?”

“ठीक आहे, शुक्रवारी करते. धन्यवाद मॅडम.”

पहिल्या वाक्यात नावाआधी जागा ठेवली आहे. एरवी आपण नाव आधी सांगतो, पण इथे मॅडमना आधी शीटमध्ये चाकणच्या त्या कंपनीपर्यंत जायचं आहे, मग त्यात तुमचं नाव. हा क्रम त्यांच्या हाताच्या हालचालीशी जुळतो. तारखेबरोबर वारही सांगा, कारण इंटरव्ह्यू कोणत्या दिवशी लावले होते हे रिक्रूटरला वारावरून आठवतं: “हां, त्या बुधवारी चौघांना पाठवलं होतं.” आणि ‘एक मिनिट’ म्हणालात तर खरंच एक मिनिटच घ्या.

दुसरं वाक्य या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं आहे. “माझं काय झालं?” हा प्रश्न निकाल मागतो. निकाल मॅडमच्या हातात नाही, तो प्लँटमधल्या क्वालिटी हेडच्या आणि तिथल्या एचआरच्या हातात आहे. ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही असा प्रश्न आला की माणूस “कळवते” म्हणून सुटतो, मीही शेकडो वेळा तसं म्हटलं आहे. “फीडबॅक आलाय का, की बाकीचे इंटरव्ह्यू चालू आहेत?” याचं उत्तर मात्र शेवटच्या रकान्यात लिहिलेलं असतं. कोणालाही न विचारता, वाचूनच सांगता येतं. शिवाय दोन पर्याय समोर ठेवल्यामुळे दोन्हींपैकी काहीही सांगायला त्यांना अवघड जात नाही. उत्तर मिळालं की तुम्हाला पुढचं कळतं: फीडबॅक आला नसेल तर गाडी प्लँटमध्ये अडली आहे, इंटरव्ह्यू चालू असतील तर तुमची तुलना अजून व्हायची आहे.

तिसऱ्या वाक्यात त्यांना हवं ते तुम्ही देता, म्हणजे नोटीस पिरियड आणि तयारी. साठ दिवस मी उदाहरणादाखल लिहिलेत, तुमच्या नेमणूक पत्रात असतील तेवढे सांगा. जास्त असतील आणि तुमची कंपनी नोटीसचे पैसे भरून घेऊन लवकर सोडत असेल, तर तेही याच ठिकाणी एका वाक्यात सांगून टाका. मग दिवस ठरवून घ्यायचा. शुक्रवार मुद्दाम लिहिला आहे. भोसरी-चाकण पट्ट्यात अनेक कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते हे तुम्ही जाणताच. तुमच्या चाकणच्या प्लँटलाही ती असेल तर गुरुवारी फोन केलात तरी मॅडमकडे सांगण्यासारखं नवीन काही नसेल. बुधवारपर्यंत त्यांनी प्लँटला विचारलं तर शुक्रवारी दुपारपर्यंत काहीतरी हाती येतं.

फोनवर शब्द सुचत नाहीत असं लिहिलंयत, पण क्वालिटीच्या माणसाला असा फोन नवीन नाही. कस्टमरकडून रिजेक्शन आलं की तुम्ही काय विचारता? पार्ट नंबर, लॉट, तारीख, किती नग, काय दोष. आणि फोन ठेवण्याआधी पुढचा रिपोर्ट कधी द्यायचा ते ठरवता. तिथे कोणी “आमच्या पार्टचं काय झालं?” असं विचारत नाही. वरचा फोन अगदी त्याच क्रमाने बांधला आहे: कोणती जागा, कोणता राउंड, कोणती तारीख, सद्यस्थिती, पुढची तारीख. ही चार वाक्यं तुमच्या शब्दांत एका कागदावर लिहा आणि कागद समोर धरूनच बोला. वाचल्यासारखं वाटेल याची भीती असेल तर पूर्ण वाक्यं नकोत, फक्त पाच शब्द लिहा: चाकण–सप्लायर क्वालिटी, ३ बुधवार, फीडबॅक की इंटरव्ह्यू, नोटीस, शुक्रवार. भाषा मॅडमनी तुम्हाला शेवटचा फोन ज्या भाषेत केला तीच ठेवा. त्या मराठीत बोलत असतील तर मुद्दाम इंग्रजीत सुरुवात करू नका, तुमची अर्धी शक्ती तिथेच खर्च होईल.

वेळेचं म्हणाल तर सकाळी साडेअकरापर्यंत रिक्रूटर त्या दिवशीच्या लाइनअपला फोन करत असते: “निघालात का? पोचलात का?” तेव्हा तिचा जीव त्यात असतो. सोमवारी सकाळी ऑफिसात टार्गेटची मीटिंग असते. माझ्या अनुभवात दुपारी चार ते साडेपाच ही बरी वेळ, कारण तोवर दिवसाचे इंटरव्ह्यू उरकलेले असतात आणि ट्रॅकर भरायला घेतलेला असतो. तुमची पाळी साडेतीनला सुटते, म्हणजे हे जुळतंय. फक्त कंपनीच्या बसमधून फोन करू नका. बसमध्ये आवाज असतोच, शिवाय पुढच्या सीटवर तुमच्याच लाइनचा सुपरवायझर बसलेला असतो. घरी पोचा, पाणी प्या, सव्वाचारला करा. या आठवड्यात मंगळवार किंवा बुधवार घ्या.

आता उत्तरं. रिक्रूटरच्या तोंडी तीन-चार ठरलेले शब्द असतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. बाहेरून ते सगळे ‘नाही’सारखेच ऐकू येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

“फीडबॅक पेंडिंग आहे” म्हणजे प्लँटने अजून काही कळवलेलं नाही. बारा दिवसांनी हे उत्तर आलं तर घाबरू नका. ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला ते ऑडिटमध्ये किंवा कस्टमरकडे अडकले असतील, सही राहिली असेल. यावर एकच प्रश्न विचारा: “प्लँटकडे तुमचं पुढचं बोलणं कधी आहे?” बऱ्याच कंपन्यांशी कन्सल्टन्सीचा आठवड्यातला एक दिवस ठरलेला असतो. तो कळला की तुमचा पुढचा फोन त्याच्या दुसऱ्या दिवशी.

“प्रोसेसमध्ये आहे” हे सर्वांत पोकळ उत्तर. ओळ सापडली नसेल किंवा सांगायचं नसेल तेव्हा हे येतं. अशा वेळी पर्याय पुन्हा समोर ठेवायचे: “म्हणजे मॅडम, टेक्निकल राउंड क्लिअर होऊन एचआरकडे गेलंय, की टेक्निकलचाच फीडबॅक यायचाय?” हे शांतपणे विचारलं तर दहापैकी सात-आठ जणी शीट उघडून बघतात. मीही बघायचे.

“पोझिशन होल्डवर आहे” याचा अर्थ जागाच थांबली आहे. बजेट अडलं असेल, नवीन लाइन पुढे ढकलली असेल, किंवा कंपनीतल्याच कोणाची तिथे बदली चालली असेल. तुमच्या इंटरव्ह्यूशी त्याचा संबंध नसतो. इथे आठवड्याला फोन करण्यात अर्थ नाही. “मग महिन्याने एकदा विचारते” म्हणा आणि बाकीचे अर्ज चालू ठेवा.

आणि चौथं, जे बहुधा तुम्हाला थेट सांगणार नाहीत: तुम्ही बॅकअप आहात. म्हणजे दुसऱ्या कोणाला ऑफर दिली आहे, तो रुजू होईपर्यंत तुम्हाला धरून ठेवलं आहे. याची खूण अशी की मॅडम तुमच्याशी गोड बोलतात, नोटीस पुन्हा पुन्हा विचारतात, पण तारीख कधीच देत नाहीत. यात अपमान मानू नका, कारण आपल्याकडे साठ-नव्वद दिवसांच्या नोटीसमध्ये माणसं फार गळतात. माझ्याच हातची एक गोष्ट सांगते. रांजणगावच्या एका प्लँटला मेंटेनन्स इंजिनिअर हवा होता. पहिल्या पसंतीच्या मुलाने ऑफर घेतली, राजीनामा दिला, आणि त्याच्या जुन्या कंपनीने पगार वाढवल्यावर चाळिसाव्या दिवशी नाही म्हणून कळवलं. प्लँटने संध्याकाळी मला विचारलं, दुसरा कोण आहे? फीडबॅक सारखाच असलेले दोघे होते. त्यातल्या एकाच्या ओळीत मी लिहिलेलं होतं: ‘शुक्रवारी बोलले, ४५ दिवसांत येतात, अजून तयार.’ दुसऱ्याशी महिनाभर बोलणंच झालेलं नव्हतं. पहिला फोन कोणाला गेला हे तुम्ही ओळखलंच असेल. त्याने त्या शुक्रवारी माझ्याशी चाळीस सेकंद बोलणं केलं होतं.

फोन उचलला नाही तर काय करायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. रिंग पूर्ण वाजू द्या, आणि लगेच परत लावू नका. एका उमेदवाराने एकाच दुपारी मला सात फोन केले होते. मी क्लायंटसमोर बसले होते, फोन उलटा ठेवला. नंतर त्याला फोन करायचं मी टाळत राहिले, आणि निवडीच्या यादीत तो दुसरा आहे हे सांगायचंही राहून गेलं. चूक माझी होती, पण नुकसान त्याचं झालं. एक मिस्ड कॉल पुरे. तो त्यांना दिसतो.

आपल्याकडे बीप झाल्यावर निरोप ठेवायची पद्धत नाही, बहुतेक मोबाइलवर ती सोयही चालू केलेली नसते. ते काम आपल्याकडे व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट करते. ज्या बाईला टाइप केलेलं वाचायचा कंटाळा आहे ती कानाला लावून पंचवीस सेकंद ऐकते. पण व्हॉइस नोटमध्ये शब्द शोधता येत नाहीत, म्हणून तिच्या आधी एक ओळ टाइप करून पाठवा, म्हणजे नंतर ‘चाकण’ शोधलं की तुम्ही सापडाल:

“चाकण – सप्लायर क्वालिटी – दुसरा राउंड ३ तारीख – फीडबॅकबद्दल”

आणि मग आवाजात:

“नमस्कार मॅडम, मी अमुक-अमुक. चाकणची सप्लायर क्वालिटीची जागा, ३ तारखेला दुसरा राउंड झाला. त्याचा फीडबॅक आलाय का, की इंटरव्ह्यू चालू आहेत, एवढंच विचारायचं होतं. आज सहापर्यंत मी फोन उचलू शकते. जमलं नाही तर उद्या सव्वाचारला मीच फोन करते. धन्यवाद.”

हे सावकाश बोला, कारण बरेच जण व्हॉइस नोट दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात. पाठवण्याआधी एकदा स्वतः ऐकून बघा, व्हॉट्सॲपवर तशी सोय आहे. फोर्जिंगच्या हॅमरचा आवाज मागे असेल तर पुसून घरी पुन्हा रेकॉर्ड करा. एक गोष्ट मात्र त्यात अजिबात बोलू नका: आत्ताच्या कंपनीचं नाव, पगार, दुसरीकडची ऑफर. कन्सल्टन्सीच्या ऑफिसात टेबलं जवळजवळ असतात आणि व्हॉइस नोटा सर्रास स्पीकरवर वाजतात. हे बोलणं प्रत्यक्ष फोनसाठी ठेवा. आणि ‘उद्या मीच फोन करते’ म्हटलंत तर करा. निरोपात दिलेली वेळ पाळली नाही तर निरोप न ठेवलेला बरा.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नोकरी शोधणाऱ्या वाचकांना मात्र खराखुरा व्हॉइसमेल ठेवावा लागतो, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. तिथे तुमचा निरोप अनेकदा फोनच्या पडद्यावर आपोआप लिहून येतो आणि समोरचा तो ऐकण्याऐवजी वाचतो. क्षीरसागर किंवा ज्ञानेश्वर हे नाव त्या लिखाणात ओळखू येणार नाही असं उमटतं. म्हणून आडनावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगा, आणि नंबर सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा, तीन-चार आकडे तोडून. बाकी मजकूर वरचाच, जागेचा नोकरी क्रमांक असेल तर तोही.

तुमच्याकडे परत येते. मॅडमनी फोन उचलला आणि दिवस ठरला की लगेच एक ओळ व्हॉट्सॲपवर टाका: “धन्यवाद मॅडम, ठरल्याप्रमाणे शुक्रवारी चारनंतर फोन करते.” त्यांना मेल नको आहे, ही मेल नाही, हिला उत्तरही द्यावं लागत नाही. पण शुक्रवारी तुम्ही फोन केलात की त्यांच्या व्हॉट्सॲपवर ती ओळ असते आणि “कोण बोलतंय?” पुन्हा येत नाही. ट्रूकॉलरवर तुमचं नाव काय दिसतं तेही एखाद्या मैत्रिणीच्या फोनवर बघून घ्या. वडिलांच्या नावावरचं सिम असेल किंवा कोणी ‘चिऊ घर’ म्हणून सेव्ह केलं असेल, तर ते नाव मॅडमना रेझ्युमेतल्या नावाशी जोडता येणार नाही. ते बदलता येतं.

किती वेळा करायचा? ठरलेल्या दिवशी एकदा, तेव्हा काही कळलं नाही तर पुन्हा दिवस ठरवून आणखी एकदा. दोन्ही वेळा ठोस काही हाती लागलं नाही, तर ही जागा मनातून थोडी मागे सरकवा आणि महिन्याने एक फोन ठेवा. प्लँटच्या एचआरचा नंबर कुठून तरी मिळाला म्हणून थेट तिथे विचारू नका. तुमचा रेझ्युमे त्या कंपनीकडे कन्सल्टन्सीच्या नावाने नोंदलेला असतो, करारानुसार काही महिने तो तसाच धरला जातो. तुम्ही थेट गेलात तर फी कोणाची यावर दोघांत वाद होतो, आणि वादातला उमेदवार बाजूला ठेवणं प्लँटला सगळ्यात सोपं असतं. मॅडम अजिबातच उचलत नसतील तर कन्सल्टन्सीच्या ऑफिसच्या नंबरवर फोन करा आणि हीच पहिली दोन वाक्यं बोला. रिक्रूटर नोकरी सोडून जातात, त्यांच्या ओळी दुसऱ्या कोणाकडे जातात, आणि नव्या माणसाने तुम्हाला कधी पाहिलेलंच नसतं. हे फार वेळा घडतं.

दुसरीकडून ऑफर आली असेल, तरच ती सांगा: “मॅडम, मला दुसरीकडून लेखी ऑफर आली आहे, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. माझी पहिली पसंती चाकण आहे. त्याआधी प्लँटकडून कळू शकेल का?” हे ऐकल्यावर मॅडम प्लँटला त्याच दिवशी फोन करतात, कारण माणूस हातातून जातोय. नसलेली ऑफर मात्र सांगू नका. पुढचा प्रश्न “किती आहे, लेटर पाठवा” असाच येतो, आणि मग बोलायला जागा राहत नाही.

आणि शुक्रवारी त्या म्हणाल्या, “नाही झालं हो, त्यांनी दुसऱ्याला घेतलं,” तर तोही फोन लगेच ठेवू नका. दोन वाक्यं बोला: “बरं मॅडम, सांगितलंत ते बरं केलंत. प्लँटने कशावरून नाही म्हटलं, ते कळलंय का?” असेल तर त्या एका शब्दात सांगतात, “सप्लायर ऑडिटचा अनुभव कमी पडला” वगैरे. ते कागदावर लिहा. मग: “ठीक आहे. क्वालिटीची दुसरी जागा आली तर माझा रेझ्युमे चालवा, पाठवण्याआधी फक्त मला एक फोन करा.” तुमच्या ओळीतला शेवटचा रकाना त्यांना नाहीतरी भरायचाच असतो. अशा फोननंतर मी तिथे ‘रिजेक्ट’ लिहून पुढे कंसात ‘पुन्हा वापरणे’ असं लिहायचे, आणि नवीन जागा आली की आधी त्याच ओळी चाळायचे.